डाळीला वेळ, केकला प्रमाण

लेहमध्ये पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. पुण्यात 98 अंशांना, मुंबईत जवळजवळ पूर्ण 100 अंशांना. पातेल्यातलं पाणी तिन्ही ठिकाणी सारखंच खळखळतं, वाफही तशीच दिसते. पण लेहच्या पातेल्यात टाकलेल्या तुरीच्या डाळीला पुण्यातल्यापेक्षा दहा अंश कमी उष्णता मिळत असते. बदली होऊन लडाखला गेलेली कुटुंबं, तिथे काही महिने राहणारे विद्यार्थी, ट्रेकचं स्वयंपाकघर सांभाळणारी मंडळी, सगळ्यांची पहिली तक्रार एकच असते: डाळ शिजत नाही. दुसरी तक्रार थोडी उशिरा येते, घरातल्या कुणाचा तरी वाढदिवस आला की. केक छान फुगतो आणि मग ओव्हनमध्ये डोळ्यांदेखत बसतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ एक, पण उपाय मात्र वेगळे. डाळीला वेळ वाढवून मिळाला की ती ऐकते. केकला नुसता वेळ देऊन काहीच होत नाही; तिथे जिन्नसांचं प्रमाणच बदलावं लागतं आणि वेळ तर उलट कमी करावा लागतो.

पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. समुद्रसपाटीपासून वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, म्हणून पाण्याला उकळायला कमी तापावं लागतं. ढोबळ हिशेब असा, की दर 300 मीटर उंचीला एक अंश वजा करायचा. लेह साधारण 3500 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो. हा हिशेब इतका भरवशाचा, की एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षण करणारे लोक उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून जागेची उंची काढत. नैनसिंह रावत 1866 साली वेष पालटून ल्हासाला पोचले, तेव्हा त्यांनी त्या शहराची उंची याच रीतीने मोजली होती.

आपल्याकडे महाबळेश्वर 1350 मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी साडेपंच्याण्णव अंशांना उकळतं आणि डाळ शिजायला थोडी रेंगाळते इतकंच. तेवढ्यासाठी रेसिपी बदलायची गरज नाही. खरा प्रश्न शिमला-मनालीपासून, म्हणजे 2000 मीटरच्या वर सुरू होतो आणि लेह-काझाला पोचेपर्यंत तो टाळता येत नाही.

उपाय म्हणून गॅस मोठा करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने पाणी लवकर आटतं, बाकी काही नाही. उघड्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळायला लागलं की त्याच्या पुढे तापत नाही. जास्तीची आच सगळी वाफ करण्यात खर्च होते. 1835 साली अँडीज पर्वत ओलांडताना चार्ल्स डार्विनच्या सोबत्यांनी बटाटे रात्रभर चुलीवर ठेवले, सकाळी पुन्हा उकळले, तरी ते कच्चेच राहिले. भांडं नवीन आहे आणि त्याच्या मनात बटाटे शिजवायचं नाही, असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला. लेहच्या भाड्याच्या घरात कुकरवर असाच आळ घेणारे आजही भेटतात.

आता डाळीकडे येऊ. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होतात, आणि मगच वरण घोटलं की एकजीव होतं. दाण्यातलं पिठूळ स्टार्च सत्तर-पंच्याहत्तर अंशांनाही फुगतं, त्यामुळे लेहमध्ये डाळ फुगलेली दिसते, खाल्ली तर कच्ची लागत नाही; पण रवीने घोटायला जावं तर कणी राहते आणि पाणी वर, डाळ खाली अशी फारकत होते. पेक्टिनला जास्त तापमान हवं असतं. दहा अंश कमी झाले की त्याचं विरघळणं ढोबळमानाने निम्म्या वेगाने होतं. म्हणून पुण्यात उघड्या पातेल्यात पाऊण तासात बोटचेपी होणारी तूरडाळ लेहमध्ये दीड तास घेते, जुनी असेल तर दोन तासही. हरभऱ्याच्या डाळीचा उघड्या पातेल्यात नाद करू नये. उघड्यावरच शिजवायची वेळ आली, तर मसूरडाळ किंवा मूगडाळ घ्यावी. त्यांचा दाणा पातळ आणि लवकर शिजणारा.

याच कारणाने पिठलं डोंगरावर बिनतक्रार होतं. बेसनात दाणा आधीच दळून बारीक झालेला असतो, पेशी सुट्या करण्याचं काम जात्याने केलेलं असतं. उरतं ते फक्त पीठ फुगणं, आणि त्याला 88 अंश पुरतात. उंचावरच्या मुक्कामी ज्यांच्याकडे कुकर नाही, त्यांनी पहिल्या रात्री पिठलं-भात करावा, असं माझं मत आहे. भातालाही वेळ लागतो, पण तो होतो.

कुकर असला की चित्र पुष्कळ बदलतं. झाकण बंद झाल्यावर आत वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 100 अंशांच्या वर तापू शकतं. पण कुकरची शिटी जो दाब राखते, तो बाहेरच्या हवेच्या दाबावर भर घातलेला असतो. बाहेरची हवाच विरळ असेल, तर दोघांची बेरीजही कमी भरते. नेहमीच्या घरगुती कुकरात पुण्यात 120 अंशांच्या आसपास तापमान मिळतं, तर लेहमध्ये तोच कुकर, तीच शिटी साधारण 115 अंशांवर थांबते. म्हणजे उघड्या पातेल्यात जी तूट दहा अंशांची होती, ती कुकरात पाच अंशांवर आली. तूट आहेच, पण वेळ वाढवून भरून काढण्यासारखी.

किती वाढवायचा, याचा एक जुना नियम आहे: पहिल्या 600 मीटरपर्यंत काही नाही, त्यानंतर दर 300 मीटरला कुकरचा वेळ पाच टक्के वाढवायचा. मनालीला याने साधारण पाव पट वाढ होते, लेहला जवळजवळ दीडपट वेळ होतो. अडचण अशी की आपण वेळ मोजत नाही, शिट्या मोजतो, आणि शिट्या आचेवर अवलंबून असतात. मोठ्या गॅसवर पाच मिनिटांत चार शिट्या होतात, बारीक गॅसवर दहा मिनिटांत एखादी. तेव्हा लेहला गेल्यावर शिट्यांचा हिशेब सोडून द्यावा आणि पहिली शिटी झाल्यापासून घड्याळ बघावं.

एक वाटी तूरडाळीचं उदाहरण घेऊ. पुण्यात डाळ धुऊन थेट कुकरात, पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर आठ मिनिटं ठेवली की वरण तयार. लेहमध्ये आधी डाळ भिजवायची, आणि तीही गरम पाण्यात. तिथल्या थंड स्वयंपाकघरात नळाच्या पाण्यात डाळ तासभर ठेवली तरी दाण्याच्या मध्यापर्यंत पाणी पोचत नाही. गरम पाण्यात तासभर भिजलेली डाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेल चवीसाठी नव्हे, फेसासाठी: कमी दाबात वाफेचे बुडबुडे मोठे होतात आणि डाळीचा फेस जास्त वर येतो, शिटीच्या भोकात अडकतो. म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. मोठ्या आचेवर पहिली शिटी होऊ द्यायची, मग गॅस बारीक करून बारा मिनिटं. डाळ डब्यात लावत असाल तर आणखी चार-पाच.

त्यानंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप निवू द्यायचा. चमच्याने शिटी उचलून वाफ सोडायची नाही. आत 115 अंशांवर असलेल्या पाण्याला बाहेरचा दाब लागला की त्याला 88 अंशांवर यायचं असतं, आणि मधले सत्तावीस अंश ते एकदम उकळून टाकतं. पुण्यात हा फरक बावीस अंशांचा असतो. लेहमध्ये उतावीळपणे शिटी उचलली, तर डाळीची पिवळी कारंजी छताला लागू शकतात आणि हात भाजतो. शिवाय आपोआप निवताना जी दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यात डाळ शिजतच असते. ती वाफ सोडून आपणच वाया घालवतो.

झाकण उघडल्यावर कणी दिसली तर पुन्हा पाच मिनिटं लावायची, आणि तोवर चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काही घालायचं नाही. आंबटाने पेक्टिन घट्ट धरून राहतं. सपाटीवर हे खपून जातं, उंचावर नाही. दोनदा लावूनही कणी जात नसेल तर दोष उंचीचा नाही, डाळ जुनी आहे. उन्हाळ्याच्या मोसमात भरून ठेवलेला साठा लडाखमध्ये हिवाळाभर पुरवतात, त्यामुळे हे तिथे होतंच. अशा वेळी भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा चालेल. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्वही जातं.

राजम्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे प्रश्न चवीचा नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. खळखळत्या, 100 अंशांच्या पाण्यात ते नष्ट होतं, पण 80 अंशांच्या आसपास राजमा तासन्तास नुसता गरम होत राहिला, तर दाणा मऊ होतो आणि विष मात्र टिकतं. लेहचं उकळतं पाणी या धोक्याच्या रेषेच्या फार वर नाही. म्हणून तिथे राजमा उघड्या पातेल्यात करूच नये. रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावं आणि नव्या पाण्यात, कुकरात, पहिल्या शिटीनंतर निदान अर्धा तास शिजवावा.

फोडणीला मात्र उंचीशी देणंघेणं नाही. तेल हवेच्या दाबावर उकळत नाही. मोहरी लेहलाही तशीच तडतडते. तळणीत थोडा फरक पडतो, कारण बटाटेवड्याच्या आतला ओलावा 88 अंशांनाच वाफ होतो आणि सारण मंद तापतं. बाहेरून लाल, आतून कोमट असा वडा निघू लागला की तेल थोडं कमी तापवून जरा जास्त वेळ तळावं.

आता केक. इथे शिटी नाही, झाकण नाही, दाब वाढवायची सोयच नाही. आणि उंची केकवर एकदम तीन बाजूंनी चाल करते.

पहिली बाजू वायूची. बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेवढाच असतो, पण बाहेरचा दाब कमी म्हणून लेहमध्ये तो पुण्याच्या जवळजवळ दीडपट जागा व्यापतो. मिश्रणातले बुडबुडे भराभर फुगतात, त्यांच्या भिंती ताणून पातळ होतात आणि केक घट्ट होण्याआधीच फुटतात. दुसरी बाजू ओलाव्याची: पाणी लवकर उडतं, लडाखची हवा मुळात कोरडी, मैदाही कोरडा. पाणी उडालं की उरलेल्या मिश्रणात साखर दाट होते.

तिसरी बाजू याच साखरेची, आणि ती सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. केक उभा राहतो तो अंड्यातलं प्रथिन गोठल्यामुळे आणि मैद्यातलं स्टार्च फुगून घट्ट झाल्यामुळे. साध्या पाण्यात स्टार्च सत्तरीच्या आत-बाहेर फुगतं, पण साखरेच्या दाट पाकात त्याला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. भरपूर साखरेच्या केकात ते 85 ते 90 अंशांपर्यंत जातं. पुण्यात अडचण नाही, कारण भाजताना केकचा मधला भाग 96-98 अंशांना पोचतो. लेहमध्ये तो भागही पाण्याच्या मर्यादेत अडकतो आणि 88 च्या फारसा वर जात नाही. म्हणजे साखर जास्त असलेला केक तिथे एक तास ठेवला काय आणि दीड तास ठेवला काय, कडा करपतील, पण मधोमध गिचका राहणारच. वेळ वाढवून हे सुटत नाही ते यासाठी.

आठ इंची टिनचा साधा बटर केक घेऊ. पुण्यातली कृती: मैदा 200 ग्रॅम, साखर 200, लोणी 100, अंडी तीन, दूध 120 मिलिलीटर, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, 180 अंशांवर 35 मिनिटं. लेहसाठी सर्वांत आधी बेकिंग पावडर एका सपाट चमच्यावर आणायची, म्हणजे निम्मी. साखर 160 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही. चौथं अंडं घालायचं. त्याने केकला आधारही मिळतो आणि ओलावाही. दूध 140 मिलिलीटर करायचं, मैदा दोन मोठे चमचे वाढवायचा. लोणी दहा-पंधरा ग्रॅम कमी केलं तर बरं, कारण स्निग्धता केकची बांधणी सैल करते. अंडी फार फेटायची नाहीत. फेटून कोंडलेली हवासुद्धा तिथे दीडपट फुगणार आहे. टिन निम्माच भरायचा आणि त्याला लोणी लावून मैदा भुरभुरवायचा, उंचावर केक जास्त चिकटतो.

ओव्हन 190 ते 195 अंशांवर आधी तापवून ठेवायचा. बाहेरचा थर लवकर घट्ट झाला तर बुडबुड्यांना सुटायला वाव मिळत नाही. आच वाढली म्हणून वेळ घटतो: 35 मिनिटांऐवजी 28 व्या मिनिटाला सळई घालून बघायची. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे, त्यांनी 96 अंशांची वाट पाहू नये. ते येणारच नाहीत, केक मात्र वाळून जाईल.

आपल्याकडे लोकप्रिय असलेला कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक या सगळ्यात सर्वांत नाजूक. आधार द्यायला अंडं नाही, साखर डब्यातच ठरलेली, आणि वर सोडा व बेकिंग पावडर दोन्ही. लेहमध्ये तो करायचाच असेल, तर निम्मा कंडेन्स्ड मिल्क आणि बाकी निम्म्याच्या जागी दूध पावडर घातलेलं घट्ट दूध घ्यावं. त्यापेक्षा दह्याचा केक बरा. दह्याच्या आंबटपणामुळे मिश्रण लवकर घट्ट होतं; सोडा निम्मा करायचा, दही तेवढंच ठेवायचं. रंग जरा फिका येतो, पण केक उभा राहतो.

कुकरमध्ये केक करणाऱ्यांना एक शंका हमखास येते: एरवी आपण रबर आणि शिटी काढून मिठावर केक भाजतो, मग लेहमध्ये कुकरात पाणी घालून शिटी लावूनच का करू नये? तापमान वाढेल हे खरं, पण त्याच दाबाने बुडबुडेही दबून राहतील आणि केक फुगणार नाही. आणि कुकर निवताना दाब उतरला की अर्धवट घट्ट झालेलं मिश्रण आतून उकळून फाटेल. शिटीशिवाय वाफवायच्या इडली-ढोकळ्याला तिथे दीडपट वेळ द्यावा, त्यांचं काम त्यावर भागतं.

पहिला केक बिघडला तर तो का बिघडला हे कापून बघितल्यावर कळतं. मधोमध खड्डा आणि आत मोठी, वेडीवाकडी छिद्रं दिसली तर बेकिंग पावडर अजून जास्त आहे किंवा ओव्हन थंड होता. छिद्रं बारीक, पण तळाशी किंवा मध्यभागी ओला, रबरी पट्टा असेल तर साखर कमी करायची, वेळ वाढवायचा नाही. वरून भेगाळलेला, भुगा होणारा केक म्हणजे दूध कमी पडलं किंवा पाच मिनिटं जास्त राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि सुरुवात बेकिंग पावडरपासून करावी, कारण बहुतेक वेळा दोष तिचाच निघतो.

मधल्या उंचीवर इतका खटाटोप लागत नाही. अमेरिकेत डेन्व्हर साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे आणि तिथे राहणाऱ्या मराठी घरांत बेकिंग पावडर पाऊण करणं, साखर चमचाभर घटवणं आणि दूध दोन-तीन चमचे वाढवणं एवढ्यावर भागतं. तिकडच्या तयार केक मिक्सच्या खोक्यांवर उंचावरच्या गावांसाठी वेगळी सूचना छापलेली सापडते. आपल्याकडच्या पाकिटावर ती शोधत बसू नये. उलट, लेहमध्ये जमलेली कृती जशीच्या तशी पुण्यात केली तर बसका, दडदडीत केक निघेल, तेव्हा वहीत कृतीसोबत गावाची उंचीही लिहून ठेवावी. आणि लडाखच्या हवेत केक रात्रीतून वाळतो, म्हणून तो पूर्ण निवायची वाट न पाहता कोमट असतानाच फडक्यात गुंडाळून डब्यात घालावा.